साभार परत आल्यानंतर

मराठी लेखकाला 'साभार परत' हे दोन शब्द नवे नाहीत. कथा परत आली, की ती दुसऱ्या लिफाफ्यात घालून दुसऱ्या मासिकाकडे पाठवायची, हा रिवाज आपल्याकडे जुना आहे आणि कथेच्या बाबतीत तो चुकीचाही नाही. एका संपादकाला न भावलेली कथा दुसऱ्याला भावू शकते. शोधनिबंधाची गोष्ट मात्र वेगळी असते. तो परत येतो तेव्हा बहुधा सोबत कारणे येतात, आणि ती कारणे लिहिणारी माणसे त्या विषयात मोजकीच असतात. लिफाफा बदलला तरी वाचणारा तोच निघू शकतो.

मी कोणत्याही विद्यापीठात शिकवत नाही. नोकरी सांभाळून मोडी शिकलो आणि गेली पंचवीसएक वर्षे जुने कागद वाचतो आहे. माझ्यासारख्या संस्थेबाहेरच्या अभ्यासकाला निबंध नाकारला गेल्यावर सल्ला विचारायला विभागप्रमुख नसतो, मार्गदर्शक नसतो. पुढचा निर्णय आपला आपणच घ्यायचा असतो. वाटा तीन: संपादकाकडे फेरविचाराची मागणी करणे, निबंध दुरुस्त करणे, किंवा तो दुसऱ्या नियतकालिकाकडे नेणे. यांतली कोणती निवडायची हे नकाराचे पत्र नीट वाचले तर बऱ्याच अंशी कळते. ते कसे वाचायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

नकार कोणी दिला?

पत्रात पहिल्यांदा पाहायचे ते हे, की निबंध परीक्षकांपर्यंत गेला होता की संपादकाच्या टेबलावरूनच परतला. पत्र आठ-दहा दिवसांत आले असेल, त्याला परीक्षकांचे अभिप्राय जोडलेले नसतील आणि 'आमच्या नियतकालिकाच्या कक्षेत बसत नाही' अशा अर्थाचे एखादे वाक्य असेल, तर निबंधाच्या खरेखोटेपणाचा निवाडा झालेलाच नसतो. त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण वाद घालायला मुद्दाच समोर नसतो.

याचे प्रसिद्ध उदाहरण हान्स क्रेब्ज यांचे आहे. अन्नातून पेशीला ऊर्जा कशी मिळते हे उलगडणारे सायट्रिक ॲसिडचे चक्र त्यांनी शेफील्ड येथे काम करताना मांडले आणि १९३७ च्या जूनमध्ये त्याविषयी एक छोटे टिपण 'नेचर'कडे पाठवले. संपादकांनी उत्तर दिले, की पत्रव्यवहाराचे स्तंभ सात-आठ आठवडे भरतील इतका मजकूर आमच्याकडे पडून आहे. गर्दी कमी होईपर्यंत टिपण ठेवून घेता येईल, पण लवकर प्रसिद्धी हवी असल्यास दुसरीकडे पाठवता यावे म्हणून ते परत करत आहोत. क्रेब्ज यांनी भांडण केले नाही. सविस्तर निबंध लिहून तो त्यांनी हॉलंडमधल्या 'एन्झायमॉलॉजिया'कडे पाठवला आणि दोनएक महिन्यांत तो छापून आला. पुढे १९५३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. ही गोष्ट सहसा 'नेचर'ची फजिती म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातले महत्त्वाचे वाटते ते असे, की नकार जागेविषयी होता, विज्ञानाविषयी नव्हता, आणि क्रेब्ज यांनी तो तसाच वाचला. अशा नकाराला एकच उत्तर असते. निबंध दुसरीकडे न्यायचा, तोही उशीर न करता.

तीन ढीग

परीक्षकांचे अभिप्राय जोडलेले असतील तर काम वाढते. माझा रिवाज असा आहे: पत्र एकदा वाचून दोन-तीन दिवस बाजूला ठेवायचे आणि मग अभिप्रायातले प्रत्येक वाक्य सुटे करून तीन ढिगांत टाकायचे. पहिल्या ढिगात वस्तुस्थितीबद्दलची विधाने, म्हणजे जी कागद दाखवून खरी किंवा खोटी ठरवता येतात. दुसऱ्यात पुराव्याबद्दलची: एवढ्या आधारावर एवढा निष्कर्ष निघत नाही, अमुक साधन पाहिलेले नाही. तिसऱ्यात पसंतीची: विषय संकुचित आहे, सैद्धान्तिक भर नाही, आमच्या वाचकांना रस वाटणार नाही.

फेरविचाराची मागणी फक्त पहिल्या ढिगावर उभी राहू शकते. 'पुरावा पुरेसा आहे की नाही' हा मताचा प्रश्न असतो, आणि मताच्या प्रश्नात संपादक आपणच नेमलेल्या परीक्षकाविरुद्ध लेखकाची बाजू क्वचितच घेतो. पहिल्या ढिगात काही सापडले तरी आणखी एक परीक्षा राहते. ते चुकीचे विधान अभिप्रायातून खोडून टाका आणि उरलेले पत्र पुन्हा वाचा. नकार अजून उभा राहतो का? राहत असेल, तर तुमचे म्हणणे बरोबर असूनही फेरविचाराचा उपयोग नाही.

हे नुसते सांगून पटत नाही, म्हणून एक प्रकरण तपशिलाने मांडतो.

पाण्याच्या पाळीचा कागद

माझे एक स्नेही पाटबंधाऱ्यांच्या कामावरून निवृत्त झालेले आहेत. धुळे-नाशिक भागातल्या फड पद्धतीचा त्यांना ध्यास आहे. नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी आणायचे, लाभक्षेत्राचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पाण्याची पाळी गावाने ठरवायची, अशी ही व्यवस्था पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. स्नेह्यांना एका गावात एका घराण्याकडे सात मोडी कागद मिळाले. त्यांतल्या दोन कागदांवर त्यांचा निबंध उभा होता. एकात पाळी बंधाऱ्याजवळच्या फडापासून सुरू होते, दुसऱ्यात शेवटच्या फडापासून. पहिला कागद शके १६८९ चा, म्हणजे इ. स. १७६७-६८ चा. दुसऱ्यावर कालोल्लेख होता 'सन इसन्ने सबैन मया व अलफ'. म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७२. त्यांचा निष्कर्ष असा, की या काळात पाळीचा क्रम उलटवून शेपटाकडच्या शेतकऱ्याला आधी पाणी देण्याची रीत आली.

निबंध एका इंग्रजी नियतकालिकाकडून पाच महिन्यांनी परत आला. दोन परीक्षकांचे अभिप्राय सोबत होते. दुसऱ्या परीक्षकाने लिहिले होते, की ११७२ म्हणजे इ. स. १७५८-५९, त्यामुळे लेखक ज्याला नंतरचा कागद म्हणतो तो प्रत्यक्षात आधीचा आहे आणि सगळा युक्तिवाद उलटा होतो.

मोडी कागद वाचणाऱ्याला ही गफलत लगेच दिसते. परीक्षकाने तो आकडा हिजरी धरला होता. आपल्या दप्तरांतले हे अरबी शब्दांतले साल शुहूर सन असते, ज्याला आपण अरबी सनही म्हणतो. हिजरी वर्ष चांद्र, सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. शुहूर वर्ष सौरमानाने चालते आणि सूर्याच्या मृग नक्षत्रातल्या प्रवेशापासून सुरू होते. चौदाव्या शतकाच्या मध्याला दोन्हींचे आकडे सारखे होते. पुढे हिजरीचा आकडा दरवर्षी थोडाथोडा पुढे सरकत गेला आणि इ. स. १७७१ पर्यंत दोहोंत तेरा वर्षांचे अंतर पडले. शुहूर सनात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले, की इसवी सन येतो. म्हणजे ११७२ हे १७७१-७२. शिवाय त्या कागदाच्या मजकुरातच माधवराव पंतप्रधानांचे नाव होते. माधवरावांना पेशवाई मिळाली १७६१ मध्ये, तेव्हा १७५८-५९ चा कागद त्यांचे नाव घेणे शक्य नाही. परीक्षकाची चूक कागदातूनच सिद्ध होत होती.

स्नेही अर्थातच संतापले होते. फेरविचारासाठी त्यांनी चार पानी पत्र लिहून ठेवले होते आणि मला फक्त इंग्रजी तपासायला सांगितले. मी म्हणालो, "काका, आधी पहिल्या परीक्षकाचं काय म्हणणं आहे ते बघू."

पहिल्या परीक्षकाचा अभिप्राय सौम्य होता, म्हणून त्यांनी त्याकडे फारसे पाहिले नव्हते. त्याने लिहिले होते, की कागद मोलाचे आहेत, वाचन विश्वसनीय वाटते, परंतु शीर्षक आणि निष्कर्ष पांझरा खोऱ्याबद्दल बोलतात आणि साधने एका बंधाऱ्याची, सात कागदांची आहेत. बाकीच्या बंधाऱ्यांवर असेच घडले हे कशावरून? संपादकाचे पत्र तर दोनच ओळींचे होते: दोन्ही परीक्षकांचे अभिप्राय लक्षात घेता निबंध स्वीकारता येत नाही.

आम्ही दुसऱ्या परीक्षकाचा कालगणनेचा परिच्छेद पेन्सिलीने खोडला आणि उरलेले पत्र पुन्हा वाचले. नकार उभाच राहत होता. पहिल्या परीक्षकाचा आक्षेप दुसऱ्या ढिगातला होता, आणि त्याला उत्तर पत्राने देता येत नव्हते, निबंधातच द्यावे लागणार होते. फेरविचारात आम्ही कालगणनेचा मुद्दा जिंकलो असतो आणि निबंध तरीही हरला असता.

त्यात वेळेचा हिशेब वेगळाच. एकच निबंध एका वेळी दोन ठिकाणी विचारार्थ ठेवायचा नाही, हा नियम जवळजवळ सगळी नियतकालिके पाळतात आणि फेरविचार चालू असेपर्यंत निबंध पहिल्याच दारात अडकलेला असतो. या अर्जांना उत्तर यायला महिने लागू शकतात, आणि बहुतेक ठिकाणी तो एकदाच करता येतो.

फेरविचार कधी मागावा

समजा, पहिल्या परीक्षकाने निबंध छापण्याची शिफारस केली असती आणि नकार केवळ त्या १७५८-५९ वर उभा असता. मग मीच त्यांना फेरविचार मागा म्हणालो असतो. मात्र चार पानांचा नव्हे, एका पानाचा. त्यात सुरुवातीला नकाराचा आधार कोणता ते परीक्षकाच्याच शब्दांत, पान क्रमांकासह. नंतर एक परिच्छेद: हा सन शुहूर आहे, हिजरी नाही, रूपांतर असे होते, आणि रूपांतराशी संबंध नसलेला दुसरा पुरावा असा, की मजकुरात माधवरावांचे नाव आहे, सोबत छायाचित्र जोडले आहे. शेवटी नेमकी मागणी: मराठी दप्तरे वाचणाऱ्या तिसऱ्या परीक्षकाकडून हा एक मुद्दा तपासून घ्यावा. 'निर्णय बदला' असे म्हणण्यापेक्षा 'हे तपासा' असे म्हणणे संपादकाला सोपे जाते, कारण त्यात त्याला स्वतःची चूक कबूल करावी लागत नाही.

त्या चार पानांत आणखी बरेच होते. परीक्षकाला मोडी येत नसावे असा तर्क, तो अमुक विद्यापीठातलाच असणार असा अंदाज, लेखकाची चाळीस वर्षांची सेवा, आणि संस्थेबाहेरच्या माणसाची उपेक्षा होते ही तक्रार. शेवटची तक्रार कधी कधी खरी असते हे मी अनुभवाने सांगू शकतो. पण फेरविचाराच्या पत्रात तिचा उपयोग नाही, कारण संपादकाला ती तपासता येत नाही. त्याला तपासता येते ते फक्त साल. परीक्षकाने खरोखर गैरवर्तन केले असेल, म्हणजे हितसंबंध लपवले असतील किंवा निबंधातला मजकूर उचलला असेल, तर ती स्वतंत्र तक्रार होते आणि ती पुराव्यानिशी स्वतंत्रपणेच करावी लागते.

न बदलता नेणे, बदलून नेणे

मग राहिली दुसरीकडे नेण्याची वाट. इथे सगळ्यांत मोठा मोह असतो तो आहे तसाच निबंध पाठवून देण्याचा. या मोहातून आइन्स्टाइनही सुटले नाहीत. १९३६ मध्ये त्यांनी नेथन रोझेन यांच्यासह 'फिजिकल रिव्ह्यू'कडे एक निबंध पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत, असा त्याचा रोख होता. संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षकाकडे दिला आणि दहा पानी अभिप्रायासह परत पाठवून लेखकांचे म्हणणे विचारले. म्हणजे हा नकारसुद्धा नव्हता. आइन्स्टाइन यांनी उत्तर दिले, की छापण्यापूर्वी हस्तलिखित तज्ज्ञाला दाखवण्याची परवानगी आम्ही दिलेली नव्हती, आणि तुमच्या तज्ज्ञाच्या शेऱ्यांना, जे तसेही चुकीचे आहेत, उत्तर देण्याचे कारण दिसत नाही. निबंध मागे घेऊन त्यांनी तो 'जर्नल ऑफ द फ्रँकलिन इन्स्टिट्यूट'कडे दिला.

शेरे चुकीचे नव्हते. परीक्षक होते प्रिन्स्टनचे हॉवर्ड रॉबर्टसन, हे पुष्कळ वर्षांनी, २००५ मध्ये उघड झाले. त्यांनी आइन्स्टाइन यांचे सहायक लिओपोल्ड इन्फेल्ड यांच्याशी बोलता बोलता तीच चूक पुन्हा दाखवली. यावेळी ती पोचली आणि १९३७ मध्ये निबंध छापून आला तेव्हा त्याचा निष्कर्ष बदललेला होता. रॉबर्टसन शेजारीच होते म्हणून ही चूक छापखान्याबाहेर अडली. आपल्या शेजारी रॉबर्टसन असेलच असे नाही.

याच्या उलट पीटर हिग्ज. १९६४ मध्ये त्यांचा दुसरा छोटा निबंध 'फिजिक्स लेटर्स'ने नाकारला. त्यांच्या एका सहकाऱ्याकडून त्यांना कळले, की कणभौतिकीशी या गणिताचा संबंध काय, हे तिथल्या मंडळींना दिसले नाही. हिग्ज यांना राग आलाच. पण त्यांनी त्या नकारातून एक माहिती उचलली. निबंधाचे महत्त्व निबंधात लिहिलेले नाही. त्यांनी परिणाम सांगणारा मजकूर जोडला, ज्यात वस्तुमान असलेल्या एका नव्या कणाचा उल्लेख होता, आणि निबंध 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'कडे पाठवला. तिथे तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये छापून आला. २०१२ मध्ये ज्याचा शोध लागल्याची बातमी जगभर गेली, तो कण या जोडलेल्या मजकुरातला. पहिल्या ठिकाणी निबंध जसाच्या तसा स्वीकारला गेला असता, तर कदाचित ती वाक्ये त्यात नसती.

स्नेह्यांच्या निबंधाचे आम्ही असेच केले. शीर्षकातून 'पांझरा खोरे' काढले आणि त्या एका बंधाऱ्याचे नाव घातले. निष्कर्षातली दोन वाक्ये आवरली. आणि ज्या परीक्षकाची चूक झाली होती त्याच्यासाठीसुद्धा एक बदल केला: शुहूर सनाचे रूपांतर कसे केले याची सहा ओळींची टीप पहिल्याच कालोल्लेखाला जोडली. चूक परीक्षकाचीच होती, पण एका तज्ज्ञ वाचकाची जिथे गफलत झाली तिथे दुसऱ्याचीही होऊ शकते. टीप दिल्याने काही बिघडत नाही.

कुठे पाठवायचे हे निबंधाच्या तळटीपांवरून ठरवले. आपण ज्यांचे लेख उद्धृत केले आहेत ते कुठे छापले गेले, हे मोजले की आपला वाचक कुठे बसतो ते कळते. त्यांच्या तळटीपांत प्रादेशिक इतिहासाचे एक नियतकालिक पाच वेळा आले होते, आणि जिथून नकार आला ते एकदाही नव्हते. त्याच्या अलीकडच्या तीन वर्षांच्या अनुक्रमणिका पाहिल्या. एका गावाच्या दप्तरावरचे दोन निबंध तिथे आले होते. आठवड्याभरात छापून देऊ, फक्त शुल्क भरा, असे सांगणारे एक पत्रही दरम्यान आले. परीक्षण न होता छापलेला निबंध दुसरीकडे पाठवता येत नाही आणि गंभीर अभ्यासकही तो धरत नाहीत, म्हणजे कागद दोन्हींकडून वाया जातात. ते पत्र आम्ही बाजूला ठेवले.

चार महिन्यांनी नव्या नियतकालिकाचे अभिप्राय आले. त्यांतल्या एकात 'सात कागद, एक बंधारा' ही शब्दयोजना पुन्हा होती. परीक्षकाचे नाव कळत नाही, पण तो आधीचाच असावा असे आम्हा दोघांना वाटले. यावेळी त्याचे वाक्य असे पुढे गेले होते, की लेखकाने मर्यादा स्पष्ट मांडली आहे. किरकोळ दुरुस्त्यांसह निबंध स्वीकारला गेला. तोच निबंध न बदलता त्याच्या हाती पडला असता तर काय झाले असते, हे सांगायला नको.

एक प्रश्न उरतो. किती वेळा न्यायचे? आकडा मला ठाऊक नाही, पण खूण ठाऊक आहे. दोन वेगळ्या ठिकाणच्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या परीक्षकांनी वेगवेगळी कारणे दिली असतील, तर निबंधाला अजून त्याचा वाचक सापडलेला नाही, पुढे न्यावे. दोघांनी एकाच जागी बोट ठेवले असेल, तर लिफाफा बंद ठेवावा आणि कागद पुन्हा उघडावेत. स्नेही आता तेच करत आहेत. शेजारच्या दोन बंधाऱ्यांच्या गावांत कोणाच्या माळ्यावर मोडी रुमाल आहेत का, याची चौकशी त्यांनी सुरू केली आहे.